पहिला एफपीजीए प्रोजेक्ट: ट्रॅफिक सिग्नल कंट्रोलर, सात महिने वापरल्यावर

व्हेरिलॉगमध्ये लिहिलेला हा कंट्रोलर आमच्या लातूरच्या लॅबमध्ये सात महिने टेबलावर चालू आहे. बोर्ड सायक्लोन फोरचा, क्लॉक 50 मेगाहर्ट्झ. मोठ्या रस्त्याला हिरवा, तो किमान 20 सेकंद. त्यानंतर आडव्या रस्त्याचं बटण दाबलं की 3 सेकंद पिवळा आणि मग आडव्याला हिरवा. दोनच रस्ते आहेत. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांना हात घालायची आपली टाप नाही.

पहिल्याच आठवड्यात लाईट गेली आणि परत आल्यावर बोर्ड कोरा. `.sof` फाइल चिपमध्ये राहते ती वीज असेपर्यंतच. `.jic` बनवून बाजूच्या फ्लॅशमध्ये लिहिली, तेव्हा ती कटकट मिटली.

खरा त्रास वेगळाच निघाला. सिम्युलेशन स्वच्छ, मी स्वतः दहा-बारा वेळा बटण दाबून बघितलं तेव्हाही ठीक. पण पोरं दिवसभर बटणाशी खेळायला लागली आणि एक जण ओरडला, "सर, समदेच दिवे गेले बघा!" रीसेट केलं की पुन्हा सुरळीत. एकदा तर हिरवा आणि पिवळा जोडीनं लागले. आधी वायरिंगवर संशय घेतला, एलईडी बदलले. दोन दिवस वाया.

कारण असं. क्वार्टसनं माझ्या चार स्टेट वन-हॉट केल्या होत्या, म्हणजे प्रत्येक स्टेटला एक फ्लिप-फ्लॉप आणि एका वेळी एकच चालू. बटण दाबलं की 'हिरवा' बंद व्हायला हवा आणि त्याच क्लॉकला 'पिवळा' चालू. पण बटणाची तार दोघांकडे वेगळ्या वाटेनं जाते. समजा वाटांमध्ये 1 नॅनोसेकंदाचा फरक आहे. क्लॉक 20 नॅनोसेकंदांचा, तेव्हा साधारण वीस दाबण्यांत एकदा 'हिरव्या'ला बटण दिसतं आणि 'पिवळ्या'ला दिसत नाही. जुनी स्टेट गेली, नवी आली नाही, सगळा अंधार. उलटं झालं तर दोन्ही लागतात. `default` लिहिलेलं होतं, पण तिथं पोचताच येत नाही असं समजून टूलनं ते काढून टाकलेलं. टेस्टबेंचमध्ये तारांना उशीर नसतो, म्हणून तिथं हे कधीच दिसलं नाही.

उपाय चार ओळींचा:

```verilog
always @(posedge clk) begin
  b1 <= ~btn_n;
  b2 <= b1;
end
```

आता स्टेट मशीन फक्त `b2` बघते, त्यामुळे दोन्ही फ्लॉपना एकच उत्तर मिळतं. `b1` क्षणभर अधांतरी राहिला तरी सावरायला त्याला अख्खा एक क्लॉक मिळतो. बटणाच्या थरथरीसाठी वेगळं काही केलं नाही. एकदा पिवळा लागला की 20 सेकंदांचा हिरवा पुन्हा पुरा होईपर्यंत बटणाकडे कुणी बघतच नाही.

त्यानंतर अंधार झालेला नाही. एक खोट मात्र अजून आहे: पहिल्या 20 सेकंदांत दाबलेलं बटण कंट्रोलर विसरून जातो. विनंती धरून ठेवणारा एक फ्लॉप घालायचा राहिलाय, तोवर पोरं बटण दाबून उभी असतात.