जाड कोटावर कडीचं बटण: घट्ट टाचावं की दोऱ्याची दांडी सोडावी?

ज्या बटणाला मागून कडी असते त्याला कापडापासून उचलून धरणारी दोऱ्याच्या वेढ्यांची वेगळी दांडी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. कडी म्हणजे दांडीच की. त्यामुळे बहुतेक जण कडी कापडाला घट्ट टाचून मोकळे होतात. सदऱ्यासारख्या पातळ कापडावर त्याने काही बिघडत नाही. पण जाड लोकरी कोटासाठी मला दोन्ही पद्धती वापरून एक निवडावी लागली, आणि ज्या गोष्टीमुळे निवडली ती शिवताना दिसत नाही, कोट अंगावर घालून बटणं लावली की दिसते.

घट्ट टाचण्याच्या बाजूने आधी बोलू, कारण ती पद्धत वाईट नाही. काम चटकन होतं आणि बटण डगमगत नाही. कोट खुंटीवर मोकळा टांगला तरी बटण ताठ राहतं. दोऱ्याची दांडी जमली नाही तर तेच बटण मान टाकून खाली बघत बसतं. धातूचं जड बटण असेल तर जास्तच. नीटनेटकेपणा एवढाच निकष असेल, तर घट्ट टाचलेलं बटण पहिल्या दिवशी उजवं दिसतं.

मला खटकलं ते काजाच्या बाजूला. बटण लावलं की काजाचा अख्खा थर बटणाचं डोकं आणि खालचं कापड यांच्या मध्ये येतो: वरचं लोकरी कापड, आतलं कॅनव्हास आणि पुन्हा आतल्या पट्टीचं कापड. एवढ्या थराला कडीची उंची पुरली नाही, की बटण त्याला आत दाबतं. प्रत्येक बटणाभोवती खड्डा पडतो, काजाचं तोंड माशासारखं उघडं राहतं आणि दोन बटणांमधली कोटाची कड लाटेसारखी वर येते. इस्त्री कितीही केली तरी जात नाही, कारण दोष कापडात नसतोच. दुरून पाहणाऱ्याला कोट घट्ट होतोय असं वाटतं. मला ही एकच गोष्ट इतकी खुपली की बाकीचे मुद्दे मागे पडले.

तुमच्या कोटाला हे होईल का, हे बटण शिवण्याआधीच कळतं. सुटं बटण काजात पुढून घाला, डोकं कापडावर अलगद टेकवा आणि थर उलटा करून मागून बघा. कडीचं भोक पूर्ण बाहेर डोकावत असेल तर घट्ट टाचायला हरकत नाही. कडी थरातच बुडालेली असेल तर जेवढी बुडाली तेवढी उंची दोऱ्याने भरून काढावी लागणार.

एक उदाहरण घेऊ. काजाचा थर हलका दाबून मोजला तर ६ मिलिमीटर, आणि बटणाच्या डोक्याखाली कडीची उंची ४ मिलिमीटर. तूट २ मिलिमीटरची. त्यात कापडाला श्वास घ्यायला १ मिलिमीटर मिळवा, म्हणजे दोऱ्याची दांडी ३ मिलिमीटरची. साध्या चपट्या बटणाला याच कोटावर ७ मिलिमीटर सोडावे लागले असते. कडीच्या बटणाला तेवढे सोडले तर ते लोंबणारच. दांडीच्या पद्धतीला लोक नावं ठेवतात त्यामागे बऱ्याचदा हेच असतं, कडीची उंची वजा करायची राहून जाते.

आता ते ३ मिलिमीटर राखायचे कसे? बोटांनी बटण उचलून धरणारे आहेत, त्यांच्या हाताला सलाम. माझ्या बोटांत पहिल्या आणि शेवटच्या बटणाची उंची एकसारखी येत नाही. म्हणून मी ३ मिलिमीटर जाडीची विणकामाची सुई कडीखाली, कापडावर आडवी ठेवतो. २ मिलिमीटर हवे असतील तर आगपेटीची काडी चालते. कडीतून उतरणारे दोरे सुईच्या दोन्ही अंगांनी कापडात जातात, त्यामुळे उंची आपोआप तेवढीच राहते.

दोरा जाड आणि दुहेरी घ्या, मेणावरून ओढा आणि कागदात धरून वरून इस्त्री फिरवा, म्हणजे मेण आत मुरतं आणि दोन पदर एकमेकांत पीळ घेत नाहीत. गाठ पुढच्या बाजूला, बटणाखाली झाकली जाईल अशी ठेवा आणि तिथेच दोन बारीक टाके घाला. कडीचा पसरट भाग काजाच्या चिरेच्या रेषेत हवा. आडवा राहिला तर कडीच काज फाकवते. टाका वरच्या कापडापुरता नको, आतल्या कॅनव्हासमधून आरपार जाऊ द्या, नाहीतर बटणाखाली कापडाचं टोक ओढलं जातं. आतल्या बाजूला एक छोटं चपटं बटण धरून त्याच्याही भोकांतून सुई काढली तर ताण एका ठिपक्यावर येत नाही. या आतल्या बटणाला मात्र दांडी द्यायची नाही, ते कापडाला टेकून बसलं पाहिजे. दुहेरी दोऱ्याच्या चार फेऱ्या पुरतात.

मग विणकामाची सुई काढून घ्या, बटण वर ओढून धरा आणि शिवायची सुई कापड व कडी यांच्या मधून बाहेर आणा. कडीपासून कापडाकडे उतरत पाच-सहा वेढे शेजारी शेजारी द्या. वेढे घट्ट हवेत, पण गळफास नको, फार आवळले तर दांडी आखडते आणि राखलेली उंची जाते. ढिले राहिले तर चार दिवसांत घसरून तळाशी गोळा होतात आणि बटण मान टाकतं. तळाशी दोनदा फासगाठ मारा, सुई दांडीतून आरपार काढून मागे न्या, आतल्या बटणाखाली दोरा पक्का करा आणि टोक दोन थरांच्या मध्ये लपवून कापा. बटण अंगठ्याने बाजूला लोटून सोडलं की ते परत सरळ उभं राहायला हवं. पडूनच राहिलं तर वेढे कमी झालेत.

टिकाऊपणाबद्दल माझं मत ठाम नाही. घट्ट टाचलेल्या बटणांचे दोरे माझ्याकडे लवकर तुटले हे खरं, पण त्यात तारेच्या कडीचाही हात असावा. तार जिथे वळून जुळते तिथे बारीक फट किंवा खरखरीत कड असते आणि दोरा तिथेच कापला जातो. शिवण्याआधी कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघा. तंतू अडकले तर बारीक पॉलिश पेपरने ती जागा घासून घ्या. हे दोन्ही पद्धतींना लागू आहे. दांडीत थोडा लवचीकपणा असल्याने बटण लावता-काढताना दोऱ्याला हिसका कमी बसतो, असं मला वाटतं.

वेळ मात्र जवळपास दुप्पट जातो, हे कबूल. प्लास्टिकच्या ज्या बटणांची मागची दांडी मुळातच उंच असते, त्यांच्यासाठी तो घालवू नका. आणि दोन रांगांच्या कोटावर जी बटणं फक्त शोभेची, कधी काजात जाणारच नाहीत, ती मीही कापडाला घट्ट टाचतो. त्यांच्या आणि कापडाच्या मध्ये कुठलाच थर येत नसल्यामुळे तिथे सोडलेली दांडी नुसती लोंबते.