दुकानाचा नवा बोर्ड फोटोवर बसवून बघायचाय, फोटो समोरून घ्यायचा की तिरका?

वाईत मामांच्या किराणा दुकानासाठी दोन्ही करून बघितलं. समोरून अगदी सरळ काढलेल्या फोटोत माप मस्त निघतं, शटर १० फुटी आणि फोटोत १००० पिक्सेल, म्हणजे फुटाला १००, मग ३ फुटी बोर्ड ३०० पिक्सेल उंच, अक्षरं किती मोठी बसतील ते लगेच कळतं. पण कापडी शेड ३ फूट पुढे येणार हे त्यात दिसतच नाही, नुसती पट्टी दिसते.

तिरका फोटो पलीकडच्या फुटपाथवरून, १एक्सवरच काढा, ०.५ ला कडा ताणल्या जातात. यात शेजारचे बोर्ड, विजेच्या वायरी, सगळं येतं आणि गिऱ्हाइकाला दुकान असंच तर दिसतं ना! बोर्ड शटरच्या वरच्या-खालच्या रेषांच्या तिरकेपणात बसवायचा, फोटोतल्या आडव्या गेलेल्या वायरी कापून परत बोर्डाच्या वर ठेवायच्या, नाहीतर स्टिकर चिकटवल्यासारखं वाटतं, आणि शेडची सावली शेजारच्या सावलीच्याच दिशेला. आमची शेड शेजाऱ्यांच्या बोर्डावर येतेय हे इथेच कळलं, मग अडीच फुटांवर आणली. मामांना दाखवायला तिरकाच, पेंटरला माप द्यायला समोरचा.