पाहणी बैठकीचं इतिवृत्त: सलग लिहावं की नोंदवार?

पुनर्विकासाचं काम चालू असलेल्या सोसायटीच्या सचिवाला दर पाहणीनंतर हे ठरवावं लागतं. समजा, स्टिल्टमधल्या सी-७ कॉलमच्या बुडाशी हनीकोंब दिसलंय, म्हणजे खडी उघडी आणि मधल्या फटी रिकाम्या.

सलग इतिवृत्तात हे असं उतरतं: "काही कॉलममध्ये हनीकोंब आढळले. सल्लागारांनी नाराजी व्यक्त केली. कंत्राटदाराने लवकरात लवकर दुरुस्ती करण्याचे मान्य केले."

नोंदवार इतिवृत्तात: "नोंद ३. कॉलम सी-७, पूर्व बाजू, बुडापासून ३०० मि.मी. उंचीपर्यंत हनीकोंब, एक सळई उघडी. घट्ट काँक्रीट लागेपर्यंत व सळईमागे किमान २० मि.मी. फोडणे. भरण्यापूर्वी स्ट्रक्चरल सल्लागारांना दाखवणे. मग मायक्रोकाँक्रीट. खर्च कंत्राटदाराचा. मुदत शुक्रवार."

पहिल्या मजकुरावर गवंड्याने वरून सिमेंटचा हात फिरवला, तरी "दुरुस्ती झाली" असं म्हणता येतं. वर हातोडी मारली की पोकळ आवाज येतो, पण तोवर बिल गेलेलं असतं. दुसऱ्या मजकुरातलं मोलाचं वाक्य म्हणजे "भरण्यापूर्वी दाखवणे". एकदा भरलं, की आत किती खोल फोडलं होतं हे कुणालाच दिसत नाही.

मग सगळं नोंदवारच लिहावं? नाही. कारण आणि मतभेद रकान्यात मावत नाहीत. शटरिंगच्या बुडातून स्लरी गळाली, व्हायब्रेटर खालपर्यंत पोचला नाही, की काँक्रीट फार उंचावरून टाकलं? (काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ ढोबळमानाने १.५ मीटरपर्यंतच पडू द्यायला सांगतं.) हे दोन ओळींत सलग लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या मजल्यावरही तेच होईल. कंत्राटदार म्हणाला "वरवरचं आहे" आणि सल्लागार म्हणाले "खोल आहे", तर दोघांचं म्हणणं लिहावं आणि खाली निर्णय: आधी अल्ट्रासॉनिक चाचणी, शंका उरली तरच कोअर, म्हणजे कॉलममधून कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. तीन कोअरची सरासरी त्या वयाला अपेक्षित क्यूब ताकदीच्या किमान ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. अर्थात, कोअर घेतला त्या जागेचंच तो सांगतो. शेजारची पोकळी त्यात येत नाही. आणि कोअर काढताना सळई कापली जाऊ शकते, म्हणून जागा सल्लागारांनीच दाखवावी.

माझा कौल असा: दोष नोंदवार, वाद सलग. बैठक लहान असेल आणि दोष एकदोनच असतील, तर सलग लिहिलं तरी चालेल, मात्र जागा, पद्धत, मुदत आणि खर्च कुणाचा हे आलंच पाहिजे.

सही कुणाची हेही बघा. सुपरवायझरने केलेली सही खर्चाच्या मुद्द्यावर कंत्राटदार सहज नाकारतो, म्हणून करारात ज्याचं नाव आहे त्याचीच घ्यावी. पुढच्या बैठकीतही या दोषाचा क्रमांक ३ च राहू द्यावा. फोडलेली जागा सल्लागारांनी पाहून तारीख टाकेपर्यंत तो "बंद" लिहू नये.