सेकंडहँड लेझर प्रिंटर, वर्षभराचा वापर: अक्षरांची सावली, पुसला जाणारा टोनर आणि थकलेला फ्यूजर

शिवाजीनगर कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि डीटीपीचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नोटरीचे कागद. त्यासाठी वर्षभरापूर्वी एक वापरलेला काळा-पांढरा लेझर प्रिंटर घेतला. मशीन म्हणून तो मला आवडला आहे. वेग चांगला, रिफिल स्वस्त, लीगल कागद सहसा अडकत नाही. पण पावसाळ्यात त्याच्या फ्यूजरने, म्हणजे टोनर कागदावर पक्का करणाऱ्या भागाने, जी लक्षणं दाखवली ती नीट लिहून ठेवावीत असं वाटतं, कारण हीच लक्षणं दिसली की बहुतेक जण आधी कार्ट्रिज बदलतात आणि पैसे वाया जातात.

सुरुवात स्टॅम्प पेपरपासून झाली. नोटरीचा शिक्का मारताना कागदावर हात फिरला आणि पक्षकाराच्या नावावरून काळा फराटा उठला. 500 रुपयांचा स्टॅम्प पेपर गेला. साध्या कागदावर मात्र सगळं ठीक येत होतं, त्यामुळे मी आधी ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार साध्याऐवजी `Rough` केला. या सेटिंगमध्ये मशीन फ्यूजर जास्त तापवतं किंवा कागद हळू सोडतं, म्हणजे जाड, खरबरीत कागदालाही पुरेशी उष्णता मिळते. पावसाळ्यात उघडा पडलेला कागद ओल धरतो आणि फ्यूजरची बरीच उष्णता ती ओल उडवण्यातच खर्च होते, म्हणून नवं रीम फोडून त्यावरही छापून पाहिलं. दोन्ही उपायांनी थोडा फरक पडला. काही आठवड्यांनी साध्या कागदावरचा टोनरही बोटाला लागू लागला आणि मथळ्याखाली त्याच मथळ्याची फिकट सावली दिसायला लागली.

लेझर प्रिंटरमध्ये ड्रम कागदावर टोनरची नुसती पूड बसवतो. ती पक्की करतो तो फ्यूजर. माझ्या मशीनमध्ये पातळ नळीसारखी एक फिल्म आहे, बाजारात तिला सरसकट टेफ्लॉन म्हणतात. तिच्या आत हीटर आणि खाली रबरी प्रेशर रोलर. साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला पूड वितळते आणि दाबाने कागदाच्या धाग्यांत शिरते. फिल्मचा वरचा थर गुळगुळीत असेतो टोनर तिला चिकटत नाही. तो थर झिजला की वितळलेल्या टोनरचा थोडा अंश फिल्मवरच राहतो आणि फिल्म एक फेरा पूर्ण करून आली की कागदावर उतरतो. तीच ती सावली. रोलरचं रबर कडक झालं की दाब कमी पडतो आणि टोनर वरवर बसतो. म्हणून सावली आणि पुसलं जाणं ही दोन्ही लक्षणं एकत्र आली की संशय फ्यूजरवर घ्यायचा. ड्रमच्या दोषाने सावली येते, पण अक्षरं बोटाने पुसली जात नाहीत.

दुरुस्तीसाठी पहिल्यांदा आलेल्या मुलाने पान पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ड्रम गेलाय, कार्ट्रिज बदलून टाका." मी पट्टी काढली. 'प्रतिज्ञापत्र' हा ठळक मथळा आणि त्याची सावली यांतलं अंतर 57 मिलिमीटर भरलं. त्याखाली तेवढ्याच अंतरावर आणखी एक, त्याहून फिकट. गोल फिरणारा भाग जेवढ्या परिघाचा, तेवढ्या अंतराने त्याचा डाग पुन्हा उमटतो. 57 ला 3.14 ने भागलं की व्यास येतो सुमारे 18 मिलिमीटर. माझ्या कार्ट्रिजचा ड्रम 24 मिलिमीटरचा आहे, त्याची सावली 75 मिलिमीटरवर यायला हवी होती. 18 मिलिमीटरची आहे ती फिल्म. प्रत्येक मॉडेलची मापं वेगळी असतात, तेव्हा आपल्या मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता पाहूनच ठरवा.

मापावर विसंबून खर्च करायचा नव्हता, म्हणून आणखी एक चाचणी केली आणि माझ्या मते ती सगळ्यांत भरवशाची. पानभर थोड्या थोड्या अंतरावर ठळक शब्द टाकले, प्रिंट दिली आणि कागद अर्धा आत असताना झाकण उघडलं. मशीन थांबतं. कागद अलगद बाहेर काढला की त्याचा पुढचा भाग फ्यूजरमधून गेलेला असतो आणि मागच्या काही भागावर कच्ची पूड असते. तिला हात लावायचा नाही, फुंकर मारायची नाही. त्या कच्च्या भागात सावली दिसली तर दोष कार्ट्रिजकडचा. माझ्याकडे कच्चा भाग स्वच्छ होता आणि सावली फक्त पुढच्या, पक्क्या झालेल्या भागात होती. लगेच एक कोरं पान सोडलं, तर त्यावरही पुसट अक्षरं उमटली.

एक शक्यता तरीही उरते. रिफिलचा टोनर त्या मशीनला न जुळणारा असेल, वेगळ्या तापमानाला वितळणारा, तर धडधाकट फ्यूजरवरही अशी सावली येते. म्हणून ओळखीच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसातून त्याच मॉडेलची ओरिजिनल कार्ट्रिज तासाभरासाठी मागून आणली. सावली तशीच राहिली. मग शंकाच उरली नाही.

दुरुस्ती बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या एका जुन्या मेकॅनिकने केली. मशीन बंद करून, प्लग काढून, पूर्ण थंड झाल्यावरच त्यांनी फ्यूजर खोलला. फिल्मवर बारीक चरे पडले होते आणि एका कडेला टोनरची खपली धरली होती. पाकिटं आणि अरुंद कागद सतत एकाच जागेवरून गेले की कडा अशाच झिजतात, असं ते म्हणाले. प्रेशर रोलर अंगठ्याने दाबला तर मधे कडक आणि चकचकीत लागत होता. "नुसता टेफ्लॉन टाकला तर टोनर पुसला जायचं थांबणार नाही, मॅडम," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. फिल्म आणि रोलर दोन्ही बदलले. नव्या फिल्मच्या आत उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा पातळ थर द्यावा लागतो. साधं ग्रीस सुकतं, मग फिल्म हीटरवर घासून फाटते. हीटर आणि त्याचं तापमान मोजणारा थर्मिस्टर शाबूत होते, म्हणून सुट्या भागांवर भागलं आणि अख्ख्या फ्यूजर असेंब्लीच्या साधारण निम्म्या खर्चात काम झालं. थर्मिस्टर तापमान चुकीचं वाचत असता किंवा हीटरला तडा गेला असता, तर मी अख्खी असेंब्लीच घेतली असती.

त्यानंतर चार-पाच महिने उलटले. सावली पुन्हा आलेली नाही. आठवड्यातून एकदा एका पानावर डावीकडे, मधे आणि उजवीकडे काळे चौकोन छापते, गार झाले की सेलोटेप दाबून ओढते. सध्या मधल्या चौकोनाचा थोडासा टोनर टेपला येतो, कडांचा येत नाही. हिरव्या लेजर कागदावर काम व्यवस्थित चालतं. स्टॅम्प पेपरसाठी मात्र `Rough` ठेवावंच लागतं आणि सकाळचा पहिला स्टॅम्प पेपर टाकण्याआधी मी चार-पाच साधी पानं काढते, कारण गार रोलरवर पहिलं पान अजूनही जरा कच्चं निघतं.

असं वापरलेलं मशीन घेणार असाल तर दुकानातच पानांचा काउंटर दाखवणारा रिपोर्ट काढायला सांगा. मशीन थंड असताना ठळक मथळ्याचं पहिलं पान काढून बोटाने घासून बघा, मग सलग दहा-पंधरा पानं काढून शेवटच्या पानावर मथळ्याखालची कोरी जागा उजेडात तिरकी धरून पाहा. टोनर पुसला गेला किंवा सावली दिसली, तर फ्यूजरचा खर्च किमतीतून वजा करून मगच भाव ठरवा.