रिफर्बिश्ड कन्सोल: प्रमाणित विक्रेता की मार्केटप्लेस, आणि हमी नेमकी कशाची?

दोन लिस्टिंग शेजारीशेजारी उघडून बसला आहात असं धरू. दोन्हीकडे डिस्क ड्राइव्हवाला प्लेस्टेशन 5, 2020 साली आलेलं मूळ मॉडेल. दोन्हीकडे ‘रिफर्बिश्ड’ लिहिलंय आणि फोटोही सारखेच चकचकीत. नव्या कन्सोलची किंमत 100 मानली, तर प्रमाणित विक्रेता 80 मागतोय आणि मार्केटप्लेसवरचा माणूस 65. मधले 15 कशाचे, एवढंच ठरवायचं आहे.

पहिला घोळ त्या शब्दाचाच आहे. कन्सोल बनवणारी कंपनी स्वतः विकते तेव्हा ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे यंत्र तपासलं, लागेल तो भाग बदलला आणि लेखी वॉरंटी दिली. ही वॉरंटी बहुतेकदा वर्षभराची असते. मोठ्या विक्री साइट स्वतःच्या नावाखाली जे रिफर्बिश्ड विकतात, त्यात मुदत तीन महिन्यांपासून वर्षापर्यंत कितीही असू शकते. ती त्या वस्तूच्या पानावरच वाचावी लागते. मार्केटप्लेसवर मात्र हा शब्द कुणीही टाकू शकतो. ओल्या फडक्यानं पुसलेला कन्सोलसुद्धा तिथे ‘रिफर्बिश्ड’ होतो.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो. मार्केटप्लेसचं ‘खरेदीदार संरक्षण’ म्हणजे वॉरंटी नव्हे. ते एवढंच सांगतं की वस्तू आली नाही, किंवा वर्णनाप्रमाणे निघाली नाही, तर पैसे परत मागता येतील, तेही वस्तू हातात पडल्यापासून ठरावीक दिवसांत. चौथ्या महिन्यात कन्सोल बंद पडला तर त्या संरक्षणाचा काही उपयोग नाही, कारण विकला तेव्हा तो वर्णनाप्रमाणेच चालत होता. म्हणजे एकीकडे यंत्र पुढे चालण्याची हमी आहे आणि दुसरीकडे फक्त वर्णन खरं असण्याची. त्यामुळे प्रश्न असा विचारायचा: कोणता दोष कधी दिसतो, आणि तेव्हा माझ्या हातात काय असतं?

डिस्क ड्राइव्हचंच उदाहरण घ्या. मूळ प्लेस्टेशन 5 मध्ये ड्राइव्हवरचं सर्किट बोर्ड त्याच कन्सोलच्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. लेन्स किंवा मोटर बदलता येते, पण बोर्ड मूळचंच ठेवावं लागतं. कुणी दुसऱ्या कन्सोलमधला आख्खा ड्राइव्ह काढून बसवला, तर डिस्क आत जाते, बाहेर येते, पण गेम काही उघडत नाही. डाउनलोड केलेले गेम झकास चालतात, म्हणून विक्रेत्यानं चालू करून दाखवलेल्या व्हिडिओत सगळं ठीकच दिसतं. तेव्हा त्या 65 वाल्या लिस्टिंगमध्ये ‘नवीन डिस्क ड्राइव्ह बसवला आहे’ असं कौतुकानं लिहिलेलं दिसलं, तर मी तिथेच थांबतो. (2023 च्या स्लिम मॉडेलमध्ये ड्राइव्ह सुटा होतो आणि पहिल्यांदा इंटरनेटवरून जोडून घेता येतो, त्यामुळे तिथे हेच वाक्य संशयाचं नाही.)

असा कन्सोल कंपनीकडून आला असता तर फोन करून बदलून मिळाला असता. मार्केटप्लेसवर सगळं अवलंबून आहे तुम्ही आधी काय विचारलं होतं यावर. विकत घेण्यापूर्वी साइटच्याच चॅटमध्ये तीन साधे प्रश्न लिहून टाका: कन्सोल उघडला होता का, डिस्कवरचा गेम चालतो का, ऑनलाइन खातं जोडलं जातं का. विक्रेत्याची ‘हो, चालतो’ ही उत्तरं तक्रार करताना वर्णनाइतकीच उपयोगी पडतात. तोच संवाद खासगी फोनवर झाला, किंवा पैसे साइटबाहेर दिले, तर हातात काहीच उरत नाही.

बॅन झालेला कन्सोल हा आणखी फसवा प्रकार. आधीच्या मालकानं चोरीचे गेम चालवले किंवा नियम मोडले, तर कंपनी कधीकधी खात्यावर नव्हे, थेट यंत्रावर बंदी घालते. फॅक्टरी रीसेट केल्यानं ती जात नाही. निन्टेन्डो स्विचवर ऑनलाइन जायला गेलं की 2124-4007 हा कोड येतो आणि विषय संपतो. कन्सोल चालू होतो, कार्ट्रिजवरचा गेम चालतो, म्हणून ‘चालू स्थितीत’ हे वर्णन अक्षरशः खरंच ठरतं. पाठीवरच्या स्टिकरचा सीरियल नंबर आणि सेटिंगमधला नंबर वेगळा निघाला, तर कवच किंवा आतला बोर्ड बदललेला आहे हे नक्की. कारण काहीही असो, मी असा कन्सोल परत करतो.

उष्णतेचा दोष सगळ्यात उशिरा उघडा पडतो. प्लेस्टेशन 5 मध्ये मुख्य चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये द्रव धातूचा थर असतो. नवख्या हातानं कन्सोल उघडून तो विस्कटला, तर मेन्यूत काही जाणवत नाही. जड गेम चालवला की पंखा ओरडतो, तापल्याची सूचना येते किंवा कन्सोल थेट बंद पडतो. दहा मिनिटांच्या चाचणीत हे सापडेलच असं नाही. निदान दीड तास जड गेम चालवा, कन्सोल बंदिस्त कप्प्यात न ठेवता.

म्हणून मार्केटप्लेसवरून घेतला, तर पहिली संध्याकाळ खेळण्याची नाही, तपासणीची. आधी रीसेट, मग स्वतःचं खातं, मग डिस्क, मग जड गेम. त्याच वेळी कंट्रोलर टेबलावर नुसता ठेवून पात्र आपोआप सरकतंय का ते बघा. हे सगळं होईपर्यंत ‘वस्तू ठीक मिळाली’ हे बटण दाबू नका; काही साइटवर ते दाबताच विक्रेत्याला पैसे सुटतात.

प्रमाणित वॉरंटीही डोळे मिटून घ्यायची नाही. कंट्रोलरची मुदत वेगळी आहे का, बदली मिळतो तो कन्सोल नवा की रिफर्बिश्डच, परत पाठवायचा खर्च कुणाचा, हे वाचा. बदलून आलेल्या यंत्राला बहुधा उरलेलीच मुदत मिळते, आणि जुन्यातला सेव्ह डेटा कुठे साठवून ठेवला नसेल तर तो गेलाच.

माझं मत विचाराल तर डिस्क ड्राइव्हवाल्या किंवा मुख्यतः ऑनलाइन खेळायच्या कन्सोलसाठी ते 15 द्यावेत. डिजिटल मॉडेल असेल, विक्रेता समोरासमोर भेटून तासभर चालवू देत असेल, आणि मधला फरक 25-30 चा असेल, तर मार्केटप्लेसवरचा सौदा मी विचारात घेतो.

आणि दोष सापडलाच, तर विक्रेता फार गोड बोलायला लागतो: ‘चार दिवस थांबा, भाग पाठवतो.’ ते चार दिवस तक्रारीच्या मुदतीतूनच जातात. तक्रार त्याच दिवशी साइटवर नोंदवा. भाग आला आणि बसला, तर ती मागे घेता येते.