तासाला ६० ग्रॅम की ९०? चार तासांच्या मॅरेथॉनसाठी जेलचा हिशेब

मॅरेथॉनची तयारी करताना कधी ना कधी हा प्रश्न येतोच: तासाला ६० ग्रॅम कार्ब्स घ्यायचे, की पोटाला सवय लावून ९० पर्यंत जायचं? दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हीमागे भक्कम अभ्यास आहे. मी स्वतः यातला एक निवडला आहे. तो कुठला, हे पुढे लपून राहणार नाही. पण दुसऱ्याची बाजूही पूर्ण मांडतो, कारण काही धावपटूंसाठी तोच योग्य आहे. हा सगळा हिशेब चार तासांच्या आसपास मॅरेथॉन संपवणाऱ्यांसाठी आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. हा आकडा वजनाप्रमाणे बदलत नाही. ५० किलोचा धावपटू आणि ८० किलोचा धावपटू, दोघांचीही मर्यादा स्नायूंपेक्षा आतड्यावर अवलंबून असते, आणि आतड्याची शोषण्याची क्षमता शरीराच्या वजनाबरोबर फारशी वाढत नाही.

ग्लुकोज आणि त्यापासूनच बनलेलं माल्टोडेक्स्ट्रिन आतड्याच्या भिंतीतून एका ठराविक वाहक प्रथिनामार्फत आत जातात. तासाला साधारण ६० ग्रॅमच्या आसपास ते प्रथिन पूर्ण कामाला लागलेलं असतं. त्यापुढे आणखी माल्टोडेक्स्ट्रिन घेतलं तर ते आतड्यात पडून राहतं. फ्रुक्टोजला मात्र स्वतःचं वेगळं दार आहे. म्हणून दोन भाग ग्लुकोज आणि एक भाग फ्रुक्टोज असं मिश्रण घेतलं, की एकूण ९० ग्रॅमपर्यंत साखर वापरली जाऊ शकते. हल्लीच्या काही जेलमध्ये फ्रुक्टोजचा वाटा याहूनही जास्त, १ ला ०.८ असा असतो. थोडक्यात, नुसत्या माल्टोडेक्स्ट्रिनच्या जेलवर ९० चा बेत आखू नका. पाकिटाच्या मागची घटकांची यादी आणि एका पाकिटातले कार्ब्स, दोन्ही वाचा. पाकिटावरचं वजन म्हणजे कार्ब्स नव्हेत. पातळ जेलचं ६० ग्रॅमचं पाकीट असलं तरी त्यात कार्ब्स २२ ग्रॅमच असू शकतात.

आता मूळ प्रश्न: चार तासांच्या धावपटूला ९० ची गरज आहे का? पळताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण १ किलोकॅलरी लागते. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २७४० किलोकॅलरी लागतात. चार तासांत विभागल्या तर तासाला ६८५. ६० ग्रॅम कार्ब्स म्हणजे २४० किलोकॅलरी, म्हणजे खर्चाच्या ३५ टक्के. त्याच वजनाचा धावपटू पावणेतीन तासांत पळाला तर त्याचा तासाचा खर्च जवळजवळ हजार किलोकॅलरी होतो, आणि ९० ग्रॅम घेऊन त्याला ३६० मिळतात. टक्केवारी पुन्हा तीच, ३६. शिवाय चार तासांच्या पेसला चरबीचा वाटा थोडा जास्त असतो, त्यामुळे साठवलेल्या ग्लायकोजेनवरचा ताण तुलनेने कमी. वेगवान धावपटूंचा ९० चा आकडा जसाच्या तसा उचलणं म्हणजे त्यांच्यापेक्षा मोठा वाटा भरून काढण्याचा प्रयत्न करणं. त्यात वावगं काही नाही, पण पोटाला त्याची किंमत मोजावी लागते.

ती किंमत पाण्यात मोजली जाते, आणि माझा कौल तिथेच ठरला.

तासाला किती पाणी प्यायचं हे जेल ठरवत नाही. घाम, हवामान आणि पोटात किती मावतं यावर ते ठरतं. समजा तुम्हाला तासाला ५०० मिली पाणी सोसतं. त्यात ६० ग्रॅम कार्ब्स गेले तर पोटातलं मिश्रण १२ टक्क्यांचं होतं. ९० ग्रॅम गेले तर १८ टक्क्यांचं. स्पोर्ट्स ड्रिंक साधारण ६ ते ८ टक्क्यांचं बनवतात, कारण तेवढं पोटातून लवकर पुढे सरकतं. जितकं दाट तितकं ते जठरात जास्त वेळ रेंगाळतं, आणि पुढे आतड्यात गेलं की उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. जोरात पळताना पोटाकडचा रक्तपुरवठा आधीच बराच घटलेला असतो, त्यामुळे हे सगळं एरवीपेक्षा लवकर जाणवतं. दाटपणा कमी करायला पाणी वाढवावं, तर थंड हवेत चार तासांचा धावपटू घामापेक्षा जास्त पाणी पिऊन बसू शकतो. त्यात रक्तातलं सोडियम घसरण्याचा धोका आहे, आणि हळू पळणाऱ्यांमध्ये तो खरा धोका आहे.

शर्यतीच्या रस्त्यावर हा फरक कसा दिसतो ते पाहा. समजा दर ५ किलोमीटरला पाणी आहे. चार तासांच्या पेसने ५ किलोमीटरला साधारण २८ मिनिटं लागतात. ३० ग्रॅम कार्ब्सचं एक जेल सुरुवातीच्या १५ मिनिटं आधी, मग ५, १०, १५ असं करत ३५ किलोमीटरपर्यंत प्रत्येक स्टेशनवर एक. झाली आठ जेल, २४० ग्रॅम, चार तासांना बरोबर ६०. स्टेशनच्या शंभर-दीडशे मीटर आधी पाकीट फोडायचं, दोन-तीन घोटांत संपवायचं आणि समोर आलेलं पाणी १५० ते २०० मिली प्यायचं. वेगळं घड्याळ लावावं लागत नाही, रस्त्यावरचे फलकच आठवण करून देतात. ४० किलोमीटरचं जेल वगळलं तरी चालतं. तेव्हा जेमतेम बारा मिनिटं उरलेली असतात, ती साखर स्नायूंपर्यंत पोचून उपयोगी पडायला फारसा वेळ नसतो.

आता ९० साठी तेच जेल घ्या. दर २० मिनिटांना एक, म्हणजे दर साडेतीन किलोमीटरला. पळतानाची अकरा आणि सुरुवातीचं एक, मिळून बारा पाकिटं. त्यातली बहुतेक दोन स्टेशनांच्या मध्ये येतात, जिथे पाणी नसतं. मग एक तर बाटली हातात धरा, नाहीतर जेल कोरडंच गिळा आणि पुढच्या स्टेशनपर्यंत घशात चिकटलेला गोडवा सोसा. बाटलीतच मिक्स विरघळवून नेण्याचा पर्याय आहे आणि ज्यांना बेल्ट सवयीचा आहे त्यांना तो जमतो. पण अर्धा लिटर म्हणजे अर्धा किलो, आणि चार तासांसाठी ती दोन-तीनदा भरावी लागते. मला हा जाच नको वाटतो. पंचविसाव्या किलोमीटरनंतर गोड नकोसं होतं आणि नेमक्या त्याच टप्प्यात ९० चा बेत सर्वाधिक शिस्त मागतो.

माझी पसंती अशी: ६०, पण मिश्र जेल. ६० ग्रॅमला नुसतं माल्टोडेक्स्ट्रिनही तांत्रिकदृष्ट्या पुरतं. पण तेव्हा एकच वाट काठोकाठ भरलेली असते. फ्रुक्टोजचा वाटा असला की भार विभागला जातो, आणि उन्हाने किंवा चढाने पोट रुसलं तरी थोडी मोकळीक उरते. कुणाला फ्रुक्टोज मुळातच सोसत नसेल तर मात्र उलटं करावं.

पोटाला सवय लावावी लागते ती दोन्ही आकड्यांसाठी. २०१७ मध्ये मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी धावपटूंना दोन आठवडे पळताना तासाला ९० ग्रॅम देऊन पाहिलं आणि पोटाच्या तक्रारी कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे आतडं शिकतं, आणि बऱ्यापैकी लवकर शिकतं. नोकरी सांभाळून सराव करणाऱ्याने तरी सहा ते आठ आठवडे धरावेत, कारण लाँग रन आठवड्याला एकच असतो.

६० साठी पहिले दोन आठवडे दर ४५ मिनिटांना एक जेल घ्या, म्हणजे तासाला ४०. पुढचे दोन आठवडे दर ३५ मिनिटांना. पाचव्या आठवड्यापासून शर्यतीचाच वेळ, २८ मिनिटं. लाँग रनखेरीज आठवड्यातल्या शर्यतीच्या पेसच्या रनमध्येही किमान एक जेल घ्या. हे चुकवू नका. संथ रनमध्ये पोटाला रक्त भरपूर मिळतं, त्यामुळे तिथे पास झालेला बेत शर्यतीच्या पेसला नापास होऊ शकतो. पाणीही शर्यतीसारखंच, एका दमात १५०-२०० मिली घ्या. दर पाच मिनिटांना घोट-घोट पिऊन सराव केला तर स्टेशनवरचा पेला पोटाला अनोळखी वाटतो. ९० कडे जायचं असेल तर याच्या पुढे आठवड्याला १० ग्रॅमप्रमाणे चढा, आणि आठवड्यातून दोन रन त्यासाठी राखून ठेवा. ६० नीट बसल्याशिवाय ७० ला हात लावू नका.

बिघडलं तर कुठे बिघडलं ते पोटच सांगतं. वरच्या बाजूला डचमळ, ढेकर, मळमळ असेल तर माल जठरात अडकला आहे. मिश्रण दाट झालंय किंवा पेस जास्त आहे. तीन-चार मिनिटं पेस उतरवा, साध्या पाण्याचे दोन घोट घ्या आणि पुढचं जेल एक स्टेशन पुढे ढकला. तक्रार खालच्या बाजूला असेल, म्हणजे गॅस, कळ, शौचाची घाई, तर साखर शोषली न जाता पुढे गेली आहे. तेव्हा जेलचं प्रमाण किंवा प्रकार बदलायला हवा. त्याआधी आदल्या दिवशी कोंडा, डाळी, कच्च्या भाज्या जास्त झाल्या नव्हत्या ना, आणि धावण्याआधी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली नव्हती ना, हे तपासा. त्या गोळ्या पळताना आतड्याच्या आवरणाला इजा करतात. त्या दिवशीचा दोष जेलवर टाकू नये.

आणखी एक गोष्ट हिशेबातून निसटते. स्टेशनवर पाण्याशेजारीच स्पोर्ट्स ड्रिंकचे पेले असतात. जेलवर २०० मिली ६ टक्क्यांचं ड्रिंक घेतलं की १२ ग्रॅम वाढतात. तासात दोनदा झालं तर तुमचे ६० नकळत ८४ होतात, आणि जेल खाली ढकलायला साधं पाणी मिळालेलंच नसतं. जेलबरोबर फक्त पाणी. ड्रिंक घ्यायचंच असेल तर त्या स्टेशनचं जेल सोडा.

९० कुणी निवडावं? सव्वातीन तासांच्या आत पळणाऱ्यांनी जरूर आजमावून पाहावं. पाच-सहा तासांहून लांब अल्ट्रा करणाऱ्यांनीही, कारण तिथे पेस सौम्य असतो, पोटाला रक्त मिळतं, पाणी अंगावरच असतं आणि घटत जाणारा साठा भरून काढायला वेळही मिळतो. चार तासांच्या धावपटूला ६० वर शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पाय रिकामे वाटत असतील, आणि पोट मात्र पूर्ण शांत असेल, तर त्यानेही ७० करून पाहायला हरकत नाही. त्यासाठी स्टेशनांचा वेळ बदलू नका. ३५ ग्रॅमवालं मिश्र जेल मिळालं तर तेच वापरा, आणि पहिल्यांदा शर्यतीत नाही, सरावातल्या पेसच्या रनमध्ये.