अडीच इंची ब्लॉक हील: सात महिने आणि पाच लग्नं वापरल्यानंतर

डिसेंबरात नागपूरच्या सीताबर्डीहून ही जोडी घेतली. त्याआधी चार इंची, टोकदार पेन्सिल हील घालून मी चुलत बहिणीच्या रिसेप्शनला उभी होते. लॉनच्या गवतात टाचा रुतत होत्या, दोन तासांत चवड्यांना आग सुटली आणि करंगळी दुसऱ्या दिवशीपर्यंत बधिर होती. टाच जितकी उंच, तितका शरीराचा भार पुढे चवड्यावर येतो, हे त्या रात्री नीट कळलं.

म्हणून या वेळी आधी उंची ठरवली, अडीच इंच आणि टाच जाड. उंच दिसायचंच असेल तर पुढे एक इंचाचा प्लॅटफॉर्म असलेली साडेतीन इंची घ्या, पायाला चढ अडीच इंचाचाच लागतो.

त्याहून महत्त्वाचा पुढचा आकार. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा उभं राहून कागदावर पाऊल आखलं आणि तो कागद दुकानात नेला. चप्पल त्यावर ठेवली की टोकदार जोडीत करंगळीची रेघ सरळ बाहेर दिसायची. बदामी आकाराच्या जोडीत सगळी बोटं आत बसली. दुकानदार म्हणाला, "ताई, टोकदारच घ्या, एक नंबर मोठा देतो." ते ऐकू नका. मोठ्या नंबरात पाऊल पुढे घसरतं आणि बोटं टोकातच जाऊन कोंबली जातात. घोट्याला पट्टा असला की हे घसरणं बरंच थांबतं.

पॅडच्या बाबतीत मात्र मी दोन लग्नं चुकले. दुखतं तिथेच, म्हणजे चवड्याखाली, जाड जेल पॅड चिकटवलं. त्याने आतली जागा कमी झाली आणि बोटं वरच्या बाजूने घासली. मग थेंबाच्या आकाराचं लहान पॅड आणलं. ते चवड्याच्या उंचवट्याच्या किंचित मागे, तळव्याच्या खोलगट भागाकडे लावायचं असतं. जागा अशी शोधली: चवड्याच्या सगळ्यात दुखऱ्या ठिकाणी लिपस्टिकचा ठिपका लावला, चप्पल घालून उभी राहिले, आत डाग उमटला. पॅडची पुढची कड त्या डागाच्या जरा मागे येईल असं चिकटवलं. फेब्रुवारीतल्या लग्नात सीमंतपूजनापासून पंगतीपर्यंत पाच तास काढले, तरी चवड्यांची आग झाली नाही.

तक्रारी दोन. मे महिन्यातल्या लग्नात आपल्या नागपूरच्या उन्हाने पॅडचा गोंद सुटला आणि पॅड बोटांखाली सरकलं, म्हणून आता पर्समध्ये जास्तीची जोडी असते. आणि टाचेखालची रबरी टिप झिजून एका बाजूला कलली होती. पाय डगमगायला लागला तेव्हाच लक्षात आलं, मोच्याकडून बदलून घेतली.

पाच तासांनंतर पोटऱ्या अजूनही भरून येतात, त्यावर पॅडचा उपयोग नाही. तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या आल्या की मी चप्पल बदलते. विदाईसाठी सपाट कोल्हापुरी गाडीत ठेवलेलीच असते.